ठेका कोणाचा? : ध्वनिप्रधान पॅकिंग-चित्रफितीची ऐतिहासिक पूर्वपीठिका

सारांश

वस्तू खोक्यात भरणे, चिकटपट्टी ओढणे, डबा बंद करणे किंवा ओटा पुसणे अशा साध्या कामांचा आवाज ठळकपणे ऐकविणाऱ्या लघुचित्रफिती गेल्या काही वर्षांत सर्वत्र दिसू लागल्या आहेत. त्यांत निवेदन नसते, मजकूर एखाद्या ओळीपुरता असतो आणि प्रत्येक दृश्य ठरावीक ठेक्यावर बदलते. प्रस्तुत शोधनिबंधात या प्रकाराची पूर्वपीठिका 'नाइट मेल' (१९३६) व 'ग्लास' (१९५८) या दोन माहितीपटांपर्यंत मागे नेऊन तपासली आहे. अखेरीस एका प्रत्यक्ष पाहिलेल्या चित्रीकरणाच्या आधारे, श्रमाच्या इतिहासाचे साधन म्हणून अशा चित्रफितीचे मोल काय व मर्यादा काय, याची चर्चा केली आहे.

बीजसंज्ञा : श्रमध्वनी, माहितीपट, ठेका, पॅकिंग-चित्रफीत, इतिहासाची साधने

१. प्रस्तावना

कामाला आवाज असतो आणि बहुतेक कामांना ठेकाही असतो. जात्यावर बसलेली स्त्री, घण मारणारा लोहार, मळणी करणारी माणसे यांच्या हालचालींत एक नियमितता असते. ती श्रमाचा भार हलका करते आणि हातांना पुढच्या क्षणी काय करायचे ते सांगते. आपल्याकडील जात्यावरच्या ओव्या याच नियमिततेच्या आधाराने उभ्या राहिल्या, हे मराठी वाचकास नव्याने सांगण्याची गरज नाही. या परंपरेत ठेका काम करणाऱ्याचा असतो. ऐकणारा कोणी असला तर तो योगायोगाने असतो.

आजच्या पॅकिंग-चित्रफितीतही ठेका असतो, किंबहुना ठेका हाच तिचा प्राण असतो. हिरव्या वेलचीचे दाणे बरणीत पडतात, झाकण फिरते, कागद चुरचुरतो, चिकटपट्टी फाटते आणि प्रत्येक आवाजाबरोबर दृश्य बदलते. पाहणाऱ्यास एक प्रकारचे समाधान लाभते. मात्र हा ठेका नेमका कोणाचा, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. तो हातांचा आहे की संकलकाचा? या एका प्रश्नाच्या अनुषंगाने सदर विषयाचा मागोवा घेणे हा या निबंधाचा हेतू आहे.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

या अभ्यासाची उद्दिष्टे दोन आहेत. पहिले, श्रमाचा आवाज चित्रपटमाध्यमात पुढे कसा आला आणि त्या प्रक्रियेत मानवी आवाज मागे कसा सरला, हे पाहणे. दुसरे, भविष्यातील इतिहास-अभ्यासकाने अशा चित्रफिती वाचताना कोणती दक्षता घ्यावी, ते सुचविणे. त्यासाठी दोन माहितीपटांचे प्रत्यक्ष अवलोकन केले आहे. तसेच ऑक्टोबर २०२३ मध्ये लेखकाच्या तालुक्यातील एका घरगुती फराळ-उद्योगात झालेल्या चित्रीकरणाच्या वेळी उपस्थित राहून नोंदी केल्या आहेत. संबंधित व्यक्तींची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

३. पंचेचाळीस ठोके : 'नाइट मेल' (१९३६)

ब्रिटनच्या टपाल खात्याच्या चित्रपट विभागाने १९३६ मध्ये 'नाइट मेल' हा सुमारे पंचवीस मिनिटांचा माहितीपट काढला. हॅरी वॉट व बॅझिल राइट यांनी त्याचे दिग्दर्शन केले, ध्वनीची बाजू अल्बर्टो काव्हालकांती यांनी सांभाळली. लंडनहून रात्री स्कॉटलंडकडे निघणाऱ्या टपालगाडीचा हा प्रवास आहे. शेवटच्या भागातील डब्ल्यू. एच. ऑडन यांची कविता आणि बेंजामिन ब्रिटन यांचे संगीत यांमुळे हा माहितीपट विशेष ओळखला जातो. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र त्यातील एक वेगळाच प्रसंग महत्त्वाचा आहे.

ही गाडी वाटेतल्या लहान स्थानकांवर थांबत नसे. तिथल्या टपालाच्या थैल्या धावत्या गाडीतूनच खाली सोडाव्या लागत. थैली जाड कातड्यात गुंडाळून पट्ट्यांनी करकचून आवळली जाई, मग डब्याबाहेरच्या लोखंडी हाताला टांगली जाई. रुळांच्या कडेला उभारलेले जाळे ती थैली झेलत असे. लोखंडी हात फार लवकर बाहेर काढला तर तो वाटेतल्या पुलावर आदळण्याचे भय, उशीर झाला तर जाळे निघून जाणार. बाहेर काळोख असल्याने डोळ्यांचा उपयोग नाही. अशा वेळी अनुभवी कर्मचारी नव्या मुलाला युक्ती सांगतो. दोन पूल जाऊ द्यायचे आणि त्यानंतर चाकांचे पंचेचाळीस ठोके मोजायचे. प्रेक्षक त्या मुलाबरोबर ठोके ऐकतो, मोजतो आणि थैली सुटताच स्वतःही निःश्वास सोडतो.

या मोजणीमागील तर्क ध्यानात घेण्यासारखा आहे. चाकाचा ठोका रुळांच्या सांध्यावर पडतो. सांधे समान अंतरावर असतात, म्हणून ठोक्यांची संख्या ही काळाची नव्हे, तर अंतराची मोजणी ठरते. समजा, रुळाची लांबी ६० फूट आहे. मग पंचेचाळीस ठोके म्हणजे २७०० फूट, अर्थात सुमारे ८२० मीटर. ताशी ६० मैल वेगाने हे अंतर सुमारे ३१ सेकंदांत कापले जाईल आणि वेग निम्मा झाला तर दुप्पट काळ लागेल. तरीही मोजणी पंचेचाळीसच राहील. घड्याळ लावून बसलेला माणूस येथे चुकला असता, कान लावून बसलेला चुकत नाही. हा ठेका शोभेचा नाही. त्यात कर्मचाऱ्याचे ज्ञान साठलेले आहे आणि तो चुकला तर टपाल चुकते.

याठिकाणी एक गोष्ट प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. 'नाइट मेल' हे वास्तवाचे जसेच्या तसे चित्रण नाही. टपाल वर्गीकरणाच्या डब्यातील दृश्ये स्टुडिओत उभारलेल्या डब्यात घेतली गेली आणि गाडी धावत असल्याचा भास व्हावा म्हणून खऱ्याखुऱ्या टपाल कर्मचाऱ्यांना डोलायला सांगण्यात आले. म्हणजे रचित वास्तव १९३६ मध्येही होते. परंतु रचनेसाठी निवडलेला ठेका मूळ कामातला होता आणि तो ठेका मोजणाऱ्या माणसाचा आवाज प्रेक्षकांपर्यंत पोहोचत होता. पुढील काळाशी तुलना करताना हा भेद उपयोगी पडतो.

४. निवेदनाला रजा : 'ग्लास' (१९५८)

बर्ट हान्स्ट्रा या डच दिग्दर्शकाचा 'ग्लास' हा जेमतेम दहा-अकरा मिनिटांचा माहितीपट १९५८ चा. १९६० च्या ऑस्कर सोहळ्यात लघु माहितीपट विभागाचा पुरस्कार त्याला मिळाला. नेदरलँड्समधील लेरडाम हे काचकामासाठी प्रसिद्ध असलेले गाव. तेथील कारखान्यासाठी प्रचारपट करण्याचे काम हान्स्ट्रा यांच्याकडे आले होते, त्या निमित्ताने हा स्वतंत्र लघुपटही तयार झाला. त्यात निवेदनाचे एक वाक्यही नाही. पडद्यावर माहिती देणाऱ्या ओळी नाहीत. जे काही सांगायचे ते हालचाल, आवाज व संगीत यांतूनच सांगितले आहे. या अर्थाने तो आजच्या चित्रफितीचा जवळचा पूर्वज ठरतो.

पहिल्या भागात कारागीर लांब नळीतून फुंकर घालून तप्त काचेला आकार देतात. त्यांचे गाल फुगतात, बोटे नळी फिरवत राहतात आणि पार्श्वभूमीला पिम याकोब्स यांच्या वाद्यवृंदाचे जॅझ वाजत असते. संकलन असे केले आहे, की काच फुंकणारा कारागीर क्षणभर वाद्य वाजवणारा कलावंत वाटावा. येथे ठेक्याची मालकी विभागली गेली आहे. फुंकर कारागिराची आहे, ती किती वेळ व किती जोराने घालायची हे काचेच्या उष्णतेवर ठरते. मात्र त्या फुंकरीला कोणता सूर जोडायचा आणि दृश्य कोठे कापायचे, हे दिग्दर्शक ठरवतो.

दुसऱ्या भागात कारखान्यातील यंत्रे येतात. बाटल्या एकामागून एक सरकतात, जॅझच्या जागी यांत्रिक आवाज येतात आणि एक निर्विकार स्वर आकडे मोजत राहतो. एवढ्यात मान तुटलेली एक बाटली यंत्राच्या पकडीत येत नाही. यंत्राला ते कळत नाही. मागून येणाऱ्या बाटल्या तीवर आदळतात, पडतात, फुटतात आणि मोजणी तशीच चालू राहते. शेवटी माणसाचा हात पुढे येतो तेव्हा कुठे अडथळा दूर होतो. 'नाइट मेल'मधील मोजणी काम साधण्यासाठी होती, येथील मोजणी कामाकडे न पाहता चालणारी आहे. ठेका हातातून सुटला की काय होते, हे हान्स्ट्रा यांनी एका फुटक्या बाटलीतून दाखविले आहे.

५. कुजबुज आणि मौन : २०१० नंतरचा काळ

विशिष्ट मृदू आवाज ऐकताना डोक्यापासून मानेपर्यंत सुखद शिरशिरी येते, असा अनुभव काही लोक सांगत आले आहेत. या अनुभवाला २०१० मध्ये जेनिफर ॲलन यांनी 'एएसएमआर' हे आज रूढ झालेले नाव दिले. नाव शास्त्रीय वाटत असले तरी ते प्रयोगशाळेतून आलेले नाही. त्यावरील सुरुवातीच्या अभ्यासांपैकी एक एमा बॅरट व निक डेव्हिस यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी ४७५ व्यक्तींना प्रश्न विचारले. कुजबुजीने असा अनुभव येतो असे सांगणारे ७५ टक्के होते, तर चुरचुर, कुरकुर अशा स्पष्ट कोरड्या आवाजांनी तो येतो असे सांगणारे ६४ टक्के होते. हे सर्व प्रतिसादक मुळातच हा अनुभव येणारे होते. त्यामुळे समाजातील किती लोकांना तो येतो, हे या आकड्यांवरून काढता येत नाही. ही मर्यादा अनेकदा विसरली जाते.

व्यापारी जगाने ही चुरचुर लवकरच हेरली. २०१७ मध्ये आयकिया या फर्निचर-कंपनीने विद्यार्थ्यांच्या खोलीतील वस्तूंची सुमारे पंचवीस मिनिटांची ध्वनिप्रधान जाहिरात प्रसिद्ध केली. चादरीवरून फिरणारा हात, कपडे टांगण्याच्या हँगरचा आवाज असे तिचे स्वरूप होते. त्या जाहिरातीत स्त्रीच्या कुजबुजत्या आवाजातील निवेदन अद्याप होते. पुढे चित्रफिती आखूड होत गेल्या तशी ही कुजबुजही अनेक ठिकाणी गळून पडली. भारतात २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये इन्स्टाग्रामची 'रील' ही सोय येथे सुरू झाली. प्रारंभी तिची मर्यादा अवघी १५ सेकंद होती. एवढ्या अवधीत निवेदन मावणे कठीण, पण डब्याचे झाकण बंद झाल्याचा आवाज मात्र सहज मावतो. टाळेबंदीच्या त्या वर्षांत घरबसल्या विक्री करणाऱ्यांना ग्राहकासमोर माल उघडून दाखवण्याची सोय उरली नव्हती. पॅकिंगची चित्रफीत हीच मग दुकानाची काच झाली.

अशा प्रकारे १९३६ मध्ये मोजणारा आवाज होता, १९५८ मध्ये निवेदन गेले व आकडे मोजणारा निर्विकार स्वर उरला, २०१७ मध्ये कुजबुज होती आणि त्यानंतर वस्तूंचाच आवाज उरला. हा क्रम सरळ रेषेत घडला असा दावा नाही. निवेदनासह येणारे माहितीपट आजही निघतात. परंतु पॅकिंग-चित्रफितीपुरते पाहता, मौनाकडे जाणारी दिशा स्पष्ट आहे.

६. एका चित्रीकरणाची नोंद

दिवाळीपूर्वी फराळाची पार्सले परगावी व परदेशी पाठविणारा एक घरगुती उद्योग लेखकाच्या परिचयाचा आहे. तो चालविणाऱ्या ताईंच्या भाच्याने चाळीस सेकंदांची चित्रफीत तयार केली, ती तयार होताना मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिथे होतो. ऑक्टोबरचा उकाडा असूनही प्रथम छताचा पंखा बंद करण्यात आला. फोन दोन पाटांच्या उतरंडीवर उलटा धरून, वरून खाली पाहील असा बांधला. छोटा कॉलर माइक खोक्याच्या कडेला, हातापासून वीतभर अंतरावर चिकटवला.

माइक इतका जवळ आणण्यामागे कारण आहे. मोकळ्या जागेत अंतर निम्मे झाले की ध्वनीची पातळी सुमारे ६ डेसिबलने वाढते, खोलीतील इतर आवाज मात्र तेवढेच राहतात. त्यामुळे कागदाची बारीक चुरचुर खोलीच्या गुणगुणण्यातून वर येते. फोनचा स्वतःचा माइक वापरला तर वेगळीच अडचण येते. फोनची रचना मुळात बोलणे टिपण्यासाठी असते, म्हणून चुरचुरीला गोंगाट समजून ती दाबली जाऊ शकते. शिवाय शांतता झाली की फोन आपोआप ध्वनी वाढवतो आणि दोन आवाजांच्या मध्ये खोलीचा 'हूं' असा स्वर फुगून येतो. चिकटपट्टीच्या बाबतीत नेमके उलट झाले. ती फर्रकन ओढताच ध्वनी माइकच्या मर्यादेपलीकडे गेला आणि फाटल्यासारखा ऐकू आला. ते दृश्य पट्टी सावकाश ओढून पुन्हा घ्यावे लागले.

त्यानंतर आवाजांची अदलाबदल झाली. प्लॅस्टिकच्या पिशवीत पडणारा चिवडा फारच मंद वाजत होता. भाच्याने तोच चिवडा स्टीलच्या ताटात पुन्हा ओतला व तो आवाज पिशवीच्या दृश्याखाली बसवला. "सर, चित्र पिशवीचं आणि कान ताटाचा," तो हसत म्हणाला. ही क्लृप्ती नवी नाही. बोलपटाच्या आरंभकाळात युनिव्हर्सल स्टुडिओत जॅक फोली यांनी पडद्याकडे पाहत पावलांचे, कपड्यांचे आवाज निर्माण करण्याची पद्धत रुळवली आणि पुढे त्या कलेला त्यांचेच नाव मिळाले. बर्फावरच्या पावलांसाठी मक्याच्या पिठाची पिशवी दाबणे, हे या कलेतील प्रसिद्ध उदाहरण आहे.

शेवटी ठेका बसविण्यात आला. भाच्याने मिनिटाला १२० ठोक्यांचा ताल धरला, म्हणजे अर्ध्या सेकंदाला एक ठोका. सेकंदाला ३० चौकटी असल्याने दर पंधराव्या चौकटीवर ठोका पडतो. झाकण बसणे, पिशवीचे तोंड सीलिंग मशीनमध्ये चिकटणे, खोके मिटणे या प्रत्येक क्रियेचा आघात त्या चौकटीवर सरकवला गेला. जेथे हात सावकाश होता तेथे दृश्य कापले, जेथे हात लवकर पोहोचला तेथे दृश्य किंचित लांबवले. येथे माणसाच्या कानाची एक सवय सांभाळावी लागते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या सुमारे ४५ सहस्रांश सेकंद आधी आला तर विसंगती जाणवू लागते. चित्रामागून आला तर मात्र सुमारे १२५ सहस्रांशांपर्यंत खपून जातो. चौकटींच्या भाषेत सांगायचे तर आवाज दोन चौकटी आधी आला की खटकतो, तीन चौकटी उशिरा आला तरी चालतो. निसर्गातही प्रकाश आधी आणि ध्वनी नंतर पोहोचतो, त्यामुळे उशिराची आपल्याला सवय असते.

चित्रफितीवर मजकूर म्हणून गावाचे नाव आणि पार्सल जिथे जाणार त्या शहराचे नाव, एवढेच होते. एका पार्सलला प्रत्यक्षात चौदा मिनिटे लागत होती. चित्रीकरणाला अडीच तास लागले, तयार चित्रफीत चाळीस सेकंदांची झाली.

७. 'लाभ, दोन, तीन...'

या अडीच तासांतील सर्वांत बोलका प्रसंग चित्रफितीत नाही. चकल्या डब्यात भरण्याचे काम एक वयस्क मावशी करीत होत्या. पूर्वी त्या बाजारात धान्य मापण्याचे काम करीत असत. धान्य मापताना 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणण्याचा जुना प्रघात आहे. त्याच सवयीने त्या चकल्याही मोजत होत्या. लाभ, दोन, तीन असे पुटपुटत हात चालायचा, पाचाच्या थरानंतर जराशी उसंत, मग कागदाचा तुकडा आणि पुन्हा पुढचा थर. एका डब्यात वीस चकल्या. त्यांच्या पुटपुटण्याला स्वतःचा ठेका होता आणि तो पूर्णपणे कामाचा होता.

चित्रीकरण सुरू होताच त्यांना गप्प बसण्यास सांगण्यात आले. भाच्याचा स्वर आदराचाच होता. "मावशी, तेवढं बोलू नका, आवाज येतो," असे तो म्हणाला. मावशींनी मान हलवली आणि मुकाट्याने डबा भरला. खोके बंद झाल्यानंतर त्या थबकल्या. "माझी मोजणी चुकली वाटतं," असे म्हणून त्यांनी डबा उघडायला लावला. आत एकोणीस चकल्या निघाल्या. विसावी टाकून डबा पुन्हा बंद झाला, परंतु चित्रफितीत आधीचेच दृश्य ठेवण्यात आले. ते अधिक नीट बसत होते. पाठवलेले पार्सल बिनचूक होते. चित्रफितीतले पार्सल एका चकलीने कमी आहे आणि ते पाहणाऱ्या कोणालाही कळण्याचा संभव नाही.

या प्रसंगाचा दोष कोणा व्यक्तीकडे जात नाही. ताईंना ग्राहक हवे होते, भाच्याने त्या माध्यमाचे संकेत पाळले आणि ती चित्रफीत खरोखरच श्रवणीय झाली. तरीही 'नाइट मेल'मधील नव्या मुलाचे पंचेचाळीस ठोके आणि मावशींचे वीस आकडे शेजारी ठेवून पाहिले, तर फरक उघड होतो. पहिल्या ठिकाणी मोजणारा आवाज चित्रपटाचा विषय झाला, दुसऱ्या ठिकाणी तो अडथळा ठरला. कामाला लागणारा ठेका काढून टाकला गेला आणि त्या जागी कानाला आवडणारा ठेका बसवला गेला.

मी मावशींना निघताना विचारले, की चित्रफीत कशी वाटली. त्यांनी ती फोनवर दोनदा पाहिली. "हात माझेच आहेत," त्या म्हणाल्या, "पण एवढ्या भराभर मी कधी भरलं नाही."

८. साधनचिकित्सा : अशी चित्रफीत कशी वाचावी

उद्याचा अभ्यासक एकविसाव्या शतकातील गृहोद्योगांचा इतिहास लिहू लागेल तेव्हा या चित्रफिती त्याच्यासमोर साधने म्हणून येतील. लेखी साधनाची जशी अंतर्गत व बहिर्गत चिकित्सा होते, तशीच येथेही व्हावयास हवी. त्यासाठी कान हेच पहिले उपकरण आहे. दोन वेगळ्या डब्यांची झाकणे अगदी एकाच आवाजात बंद झाली, तर तो आवाज एकदाच ध्वनिमुद्रित करून पुन्हा वापरला आहे असे समजावे, कारण हाताने केलेल्या दोन क्रिया तंतोतंत सारख्या वाजत नाहीत. दिसणारी वस्तू प्लॅस्टिकची व नाद धातूचा, हीदेखील अदलाबदलीची खूण होय. दोन आवाजांमधील शांतता संपूर्ण निर्जीव असेल तर खोलीचा मूळ ध्वनी पुसला गेला आहे. प्रत्येक क्रिया समान अंतराने घडत असेल तर ते अंतर संकलनात निर्माण झाले असण्याची शक्यता मोठी, कारण चिवडा ओतणे व खोके मिटणे या कामांना सारखा वेळ लागत नाही.

या चिकित्सेतून चित्रफीत निरुपयोगी ठरत नाही. कोणत्या वस्तू वापरल्या जात, खोके कसे मिटत, डब्यात चकल्यांचे थर कसे लावत, माल कोणत्या शहरांना जाई, हे ती विश्वासार्हपणे सांगते. कामाचा वेग, कामाचा एकूण वेळ आणि काम करणाऱ्यांची संख्या या तीन बाबतींत मात्र तिची साक्ष ग्राह्य धरता येत नाही. चाळीस सेकंदांत दोन हात दिसतात. त्या खोलीत त्या दिवशी पाच जणी काम करीत होत्या.

९. निष्कर्ष

१) श्रमाचा आवाज पुढे आणण्याची रीत अलीकडची नाही, तिची पाळेमुळे १९३० च्या दशकातील माहितीपटांत आढळतात.

२) 'नाइट मेल'मध्ये ठेका काम करणाऱ्याचा आहे, 'ग्लास'मध्ये तो कारागीर व दिग्दर्शक यांच्यात वाटला गेला आहे आणि आजच्या पॅकिंग-चित्रफितीत तो बहुतांशी संकलकाचा झाला आहे. एका प्रसंगाच्या नोंदीवरून सर्वच चित्रफितींविषयी निर्णय देता येणार नाही, परंतु दिशा दाखविण्यास ती नोंद पुरेशी आहे.

३) ध्वनीची अदलाबदल हा या चित्रफितीचा मूळ दोष म्हणता येत नाही, कारण ती बोलपटाच्या आरंभापासून चालत आली आहे. अधिक गंभीर बाब म्हणजे मानवी आवाजाचे निष्कासन होय, कारण त्या आवाजात कामाचे ज्ञान असते.

४) अशा चित्रफिती जतन करताना शक्य तेथे मूळ, न कापलेले ध्वनिमुद्रणही जतन व्हावे. सदर चित्रीकरणाचे मूळ मुद्रण भाच्याने माझ्या विनंतीवरून ठेवून दिले आहे. त्यात पहिल्या डब्याच्या वेळी, मावशींना गप्प करण्यापूर्वीचे काही क्षण शिल्लक आहेत. पंख्याची घरघर आहे, शेजारच्या कुकरची शिट्टी आहे आणि त्या सगळ्यातून स्पष्ट ऐकू येते : लाभ, दोन, तीन, चार.